झोपेसाठी दूध, जायफळ व अन्य घरगुती उपाय : परंपरा आणि पुरावा

झोप न लागण्याच्या तक्रारीवर आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या काही उपाय केले जातात. रात्री कोमट दूध घेणे, त्यात जायफळ उगाळून घालणे, तळपायांना तेल चोळणे, तान्ह्या बाळाला गुटीत जायफळाचे वेढे देणे, हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी काही उपाय निरुपद्रवी आहेत, एकाला चांगला शास्त्रीय आधार आहे आणि एक उपाय मात्रा चुकल्यास अपायकारक ठरतो. त्यांतील फरक नागरिकांना कळावा, यासाठी ही पत्रिका आहे.

भिलाईच्या वैशाली नगरासारख्या वस्तीत या विषयाला विशेष महत्त्व आहे. येथील अनेक कुटुंबांत कोणी ना कोणी पाळीने काम करते. आठवड्यागणिक झोपेची वेळ बदलत असल्यामुळे झोपेच्या उपायांची गरजही अधिक भासते. नागपूर व विदर्भाकडून येऊन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत दूध-जायफळाची प्रथा आजही टिकून आहे.

कोमट दूध

दुधात ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो व त्यापासून शरीर झोपेशी संबंधित द्रव्ये तयार करते, म्हणून दुधाने झोप येते, असे नेहमी सांगितले जाते. यातील पहिला भाग खरा आहे. परंतु प्रमाण पाहिले असता निष्कर्ष टिकत नाही. २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात ट्रिप्टोफॅन साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम असते. झोपेवर परिणाम दिसावा म्हणून चाचण्यांत बहुधा १ ग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा दिली गेली. तेवढे दुधातून मिळवायचे तर दोन लिटरांहून अधिक दूध प्यावे लागेल. शिवाय दुधातील इतर प्रथिनघटक मेंदूत प्रवेश मिळवण्यासाठी ट्रिप्टोफॅनशी स्पर्धा करतात. त्यामुळे एका पेल्यातून मेंदूपर्यंत पोहोचणारा अंश आणखी घटतो.

मग दूध प्यायल्यावर झोप चांगली लागते, हा अनेकांचा अनुभव खोटा म्हणावा काय? तसे नाही. एडिंबरा येथे ऑस्वाल्ड व ब्रेझिनोव्हा या संशोधकांनी झोपण्यापूर्वी दूधमिश्रित पौष्टिक पेय देऊन झोपेची नोंद घेतली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या लहान प्रयोगात उत्तररात्रीची अस्वस्थता कमी झालेली आढळली. पुढे कर्स्टीन अॅडम यांनी अशाच पेयांचा अभ्यास केला. ज्यांना झोपण्यापूर्वी काही घेण्याची सवय होती त्यांना त्याचा लाभ झाला. ज्यांना सवय नव्हती त्यांची झोप त्याने सुधारली नाही. यावरून असे दिसते की दुधाचा गुण मुख्यतः रोजच्या ठराविक क्रमाचा आणि भूक शमण्याचा आहे. ज्यांना दूध पचते व ज्यांची ही सवय आहे, त्यांनी ती सोडण्याचे कारण नाही.

दोन बाबतींत मात्र दक्षता घ्यावी. मधुमेह असल्यास दूध साखरेविना घ्यावे. तसेच थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी व काही प्रतिजैविके दुधाबरोबर घेतल्यास ती नीट शोषली जात नाहीत. अशी औषधे पाण्यासोबत आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच घ्यावीत.

जायफळ : प्रश्न मात्रेचा आणि वेळेचा

आयुर्वेदात जायफळ ‘जातीफल’ या नावाने परिचित आहे आणि झोपेसाठी त्याचा वापर परंपरेने होत आला आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत, उदाहरणार्थ कोंबडीच्या पिलांवर, जायफळाच्या तेलाने गुंगी वाढल्याचे आढळले. माणसांवरील दर्जेदार तुलनात्मक चाचण्यांतून मात्र जायफळाने झोप लागते, असे सिद्ध झालेले नाही. म्हणजे गुंगी येण्याचा गुण खरा आहे. पण गुंगी म्हणजे झोप नव्हे.

जायफळाच्या तेलात मिरिस्टिसिन हे द्रव्य असते. अधिक मात्रेत ते मज्जासंस्थेवर विषारी परिणाम करते. झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी स्वतः तीन जायफळे खाऊन आलेला गुंगीचा व भ्रमाचा अनुभव १८२९ मध्ये नोंदवला होता. प्रौढ व्यक्तीत साधारण ५ ग्रॅमपासून विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. काहींना त्याहून कमी मात्रेतही त्रास होतो. एक अखंड जायफळ साधारण ५ ते ७ ग्रॅमचे असते. एक सपाट चहाचा चमचा जायफळपूड सुमारे सव्वादोन ग्रॅम भरते. म्हणजे दोन चमचे पूड आणि एक जायफळ यांत फारसा फरक नाही. सहाणेवर चार-पाच वेढे उगाळल्यास त्यात ग्रॅमचा लहानसा अंश उतरतो. चिमूटभर पूडही तितकीच अल्प असते. श्रीखंडात, पुरणात किंवा दुधात स्वादापुरते घातलेले जायफळ निरोगी प्रौढास बाधत नाही.

धोका निर्माण होतो तो परिणामाच्या विलंबामुळे. जायफळाचा परिणाम तत्काळ न दिसता साधारण तीन ते सहा तासांनी दिसतो. एक उदाहरण घेऊ. एका कामगाराला सकाळी सहाच्या पाळीला जायचे आहे. तो रात्री दहा वाजता दुधातून अर्धा चमचा जायफळपूड घेतो. अकरापर्यंत झोप लागत नाही, म्हणून पुन्हा अर्धा चमचा घेतो. बारा वाजता ‘आज गुण येत नाही’ असे समजून पूर्ण चमचा घेतो. दोन तासांत सुमारे साडेचार ग्रॅम जायफळ पोटात गेले. पहिल्या मात्रेचा परिणाम अद्याप सुरूही झालेला नाही. तिन्ही मात्रांचा एकत्रित परिणाम पहाटेच्या सुमारास, नेमक्या उठण्याच्या वेळी, शिखराला पोहोचेल. गुंगी दुसऱ्या दिवशीही राहू शकते. अशा अवस्थेत दुचाकी चालवणे, क्रेन हाताळणे किंवा भट्टीजवळ काम करणे जिवावर बेतू शकते.

जागरणाचा शीण आणि जायफळाची बाधा यांतील फरक ओळखता येतो. केवळ झोप अपुरी झाली असेल तर अंग जड वाटते, डोळे चुरचुरतात. जायफळाची बाधा असेल तर तोंडाला कोरड पडते, चेहरा लाल होतो, छातीत धडधडते, मळमळते, विनाकारण भीती वाटते. क्वचित भासही होतात.

म्हणून जायफळ वापरायचेच असेल तर रात्रीतून एकदाच, चिमटीपेक्षा अधिक नाही, आणि गुण आला नाही म्हणून त्याच रात्री पुन्हा नाही, हा नियम पाळावा. झोपेच्या अथवा मनोविकारावरील गोळ्या घेणाऱ्यांनी, मद्यपान केलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी झोपेसाठी जायफळ घेऊ नये.

तान्ह्या बाळाला जायफळ देऊ नये

बाळगुटीत इतर मुळ्यांबरोबर जायफळाचा एखादा वेढा देण्याची रीत आहे. बाळ रात्री रडू लागले की हे वेढे वाढवले जातात. प्रौढाला बाधणारी ५ ग्रॅमची मात्रा साठ किलो वजनाच्या हिशेबाने मोजली, तर पाच किलोच्या बाळासाठी ती अर्ध्या ग्रॅमहूनही कमी भरते. त्यातही बाळाचे यकृत पूर्ण विकसित नसल्यामुळे द्रव्याचा निचरा सावकाश होतो. वेढ्यातून किती जायफळ उतरले, हे घरी मोजता येत नाही. सहाणेच्या खरखरीतपणावर आणि हाताच्या दाबावर ते प्रमाण बदलते. बाळ शांत झाले म्हणजे त्याला बरे वाटले असे नव्हे; ते गुंगीत असू शकते. गुंगीतले बाळ दूध नीट ओढत नाही आणि त्याचा श्वास मंदावू शकतो.

रडणाऱ्या बाळाला गुंगी आणण्याच्या प्रथेचा इतिहास आपल्याकडे दुःखद आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना बाळांना अफूची ‘बाळगोळी’ देत. तत्कालीन पाहण्यांत ही प्रथा मोठ्या प्रमाणावर आढळली होती. त्या मातांना बाळांचा द्वेष नव्हता. बाळाजवळ थांबण्याची सोय नव्हती.

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. पाणी, गुटी, मध काहीही देऊ नये. मध तर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवू नये, कारण त्यातील जंतुबीजांमुळे अर्भकांना बोट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा गंभीर आजार होऊ शकतो. बाळ सतत रडत असल्यास भूक, ओले दुपटे, ताप, कानदुखी ही कारणे तपासावीत व आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवावे. घरातील वडीलधाऱ्यांनी आग्रह केल्यास ही पत्रिका त्यांना वाचून दाखवावी.

गरम पाण्याचा उपाय

परंपरेतील ज्या उपायाला चांगला आधार आहे, तो खाण्यापिण्याचा नाही. झोपण्यापूर्वी एक ते दोन तास आधी साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस पाण्याने दहा मिनिटे स्नान केल्यास किंवा पाय पाण्यात बुडवून बसल्यास झोप लवकर लागते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे. हा फरक सरासरी दहा मिनिटांच्या आसपास आहे. उष्णतेने हातापायांच्या त्वचेकडे रक्त येते, तेथून शरीराची उष्णता बाहेर पडते आणि आतील तापमान उतरते. हे उतरणे म्हणजेच शरीराला मिळणारी झोपेची सूचना होय. म्हणून अंथरुणावर पडण्याच्या अगदी आधी स्नान न करता मध्ये तासभर अंतर ठेवावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पाण्याची उष्णता दुसऱ्याकडून तपासून घ्यावी, अन्यथा नकळत पाय भाजतात.

रात्रपाळीहून परतणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा. येताना डोळ्यांवर प्रखर ऊन घेणे टाळावे, घरी हलका आहार व स्नान करावे आणि जाड पडदे लावलेल्या खोलीत झोपावे.

बाधा झाल्यास

जायफळ अधिक खाल्ल्याचा संशय असल्यास व्यक्तीला एकटे सोडू नये, वाहन चालवू देऊ नये, उलटी करवू नये. जायफळावर विशिष्ट उतारा नाही. रुग्णालयात लक्षणांनुसार उपचार होतात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वैशाली नगरातील रहिवाशांना सुपेला येथील लालबहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय जवळचे आहे. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे. किती जायफळ व कोणत्या वेळी घेतले, ते सांगावे. उरलेली पूड सोबत न्यावी. बाळाने दूध ओढणे थांबवले, ते जागे होत नसले किंवा त्याचा श्वास मंदावला, तर क्षणाचाही विलंब करू नये.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप न लागणे तीन महिने चालू राहिल्यास तो आजार समजावा व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विचार व सवयी बदलण्याची उपचारपद्धती त्यावर प्रथम वापरली जाते. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हे वेगळ्या विकाराचे लक्षण आहे. त्यावर दूध व जायफळ यांचा उपयोग नाही. मनावरील ताणामुळे झोप उडाली असल्यास टेलि-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते.