पासवर्ड बदला, असं सांगणारा मेल

१९ मार्च २०१६, शनिवार. हिलरी क्लिंटन यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या जीमेल खात्यात एक मेल आला. पाठवणाऱ्याच्या जागी गूगलचं नाव होतं. मजकूर असा होता की, तुमचा पासवर्ड वापरून युक्रेनमधून कोणीतरी तुमच्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला, आम्ही तो थोपवला आहे, तुम्ही लगेच पासवर्ड बदला. खाली निळं बटण होतं. वेळ, ठिकाण, संगणकाचा आयपी पत्ता असा सगळा तपशीलही दिलेला होता. थोडक्यात, तो मेल म्हणजे सुरक्षेचा इशाराच होता, आणि तोच सापळा होता.

पोडेस्टांच्या कार्यालयातल्या लोकांनी हलगर्जीपणा केला नाही. मेल खरा की खोटा हे विचारायला त्यांनी तो संगणक मदत कक्षाकडे पाठवला. तिथून त्याच सकाळी उत्तर आलं: हा मेल खरा आहे, पासवर्ड ताबडतोब बदलायला हवा. सोबत गूगलच्या खऱ्या पानाचा पत्ता दिला होता आणि दुहेरी पडताळणी सुरू करण्याची सूचनाही होती. आपल्याला 'खोटा आहे' असं लिहायचं होतं, पण टंकताना चूक झाली, असं त्या कर्मचाऱ्याने पुढे न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं. इंग्रजीत त्या दोन शब्दांमध्ये दोनच अक्षरांचा फरक आहे. उत्तराखाली मूळ मेल तसाच जोडलेला होता आणि त्यातला घातक दुवाही जिवंत होता. खरा पत्ता बाजूला राहिला आणि खोट्या पानावर पासवर्ड भरला गेला. अमेरिकेच्या न्याय खात्याने जुलै २०१८ मध्ये रशियाच्या लष्करी गुप्तहेर संस्थेच्या १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. त्यानुसार २१ मार्चच्या सुमारास, म्हणजे दोनच दिवसांत, त्या खात्यातले पन्नास हजारांहून अधिक मेल चोरले गेले होते. ऑक्टोबरपासून ते विकिलीक्सवर झळकू लागले.

फिशिंगबद्दल आपल्याकडे बहुतेक वेळा 'अनोळखी दुव्यावर क्लिक करू नका' एवढंच सांगितलं जातं. पोडेस्टांच्या कार्यालयाने तर त्याच्या पुढचंही पाऊल टाकलं होतं, त्यांनी विचारणा केली होती. तरी घात झाला, कारण कक्षाकडून आलेल्या उत्तराचे दोन अर्थ निघू शकत होते आणि चुकीचा दुवा समोर तसाच होता. म्हणून कार्यालयाने कर्मचाऱ्यांना पाठवायच्या इशाऱ्याची रचना कशी असावी, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

आधी तो मेल कशावरून ओळखता आला असता ते पाहू. बटणामागे bit.ly चा आखूड केलेला दुवा होता. तो उलगडला की पत्ता दिसायचा तो असा:

```
myaccount.google.com-securitysettingpage.tk
```

घाईत वाचणाऱ्याचे डोळे google.com वर थांबतात. पण संकेतस्थळाचा मालक कळतो तो पत्त्याच्या शेवटाकडून, पहिल्या तिरप्या रेषेच्या आधीच्या भागातून. टपालाच्या पत्त्यात गाव शेवटी येतं, तसंच हे. इथे शेवटी .tk आहे, आणि त्याच्या आधीच्या टिंबापर्यंत मागे गेलं की com-securitysettingpage हे नाव मिळतं. म्हणजे जागा com-securitysettingpage.tk या नावाच्या मालकाची. त्याच्या पुढे लावलेले myaccount आणि google हे शब्द त्याने स्वतः जोडलेले, त्यासाठी गूगलची परवानगी लागत नाही.

हीच पद्धत आपल्या बँकांच्या बाबतीत उपयोगी पडते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना आपली संकेतस्थळं .bank.in या शेपटावर आणायला सांगितली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं. मात्र ते शेवटीच असायला हवं. example.bank.in-kyc.com या पत्त्यात bank.in हे शब्द आहेत, पण शेवट in-kyc.com चा आहे. बँकेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दोन खुणांवर मात्र विसंबू नये. पत्त्याशेजारचं कुलूप एवढंच सांगतं की तुमच्यात आणि त्या संकेतस्थळात होणारी देवाणघेवाण कोणी मधे वाचू शकत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे याची हमी ते देत नाही, चोरालाही ते कुलूप फुकट मिळतं. दुसरी खूण पाठवणाऱ्याची. मेलमध्ये ठळक दिसणारं नाव कोणीही हवं ते ठेवू शकतो, आणि जिथे तपासणीची व्यवस्था नीट बसवलेली नसते तिथे पत्ताही बनावट दाखवता येतो. पोडेस्टांना आलेल्या मेलमधला दिसणारा पत्ता accounts.googlemail.com वरचा होता, बघताक्षणी शंका यावी असं त्यात काही नव्हतं.

आता आपल्याकडच्या कार्यालयाची कल्पना करू. जून महिना आहे, फॉर्म १६ मिळायची सगळे वाट पाहत आहेत. नेमकं तेव्हा 'तुमचा फॉर्म १६ तयार आहे' असा मेल फिरू लागतो. मदत कक्षाने पाठवायचा इशारा मी असा लिहीन:

विषय: फॉर्म १६ चा मेल खोटा आहे. बटण दाबू नका.

आज सकाळी ९.४० पासून काही सहकाऱ्यांना 'फॉर्म १६ तयार आहे, संध्याकाळपर्यंत डाउनलोड करा' असा मेल आला आहे. लेखा विभागाने तो पाठवलेला नाही. पाठवणाऱ्याचं नाव 'लेखा विभाग' दिसतं, पण पत्ता accounts@form16.example असा आहे. बटण दाबलं की आपल्या मेलच्या लॉगिनसारखं पान उघडतं आणि पासवर्ड विचारतं.

मेल आला, पण काही दाबलं नाही: तो जोडपत्र म्हणून मदत कक्षाकडे पाठवा. इतर कोणालाही पाठवू नका. मग पुसून टाका.

बटण दाबलं किंवा पासवर्ड भरला: आत्ताच विस्तार क्रमांक २२२ वर फोन करा. मेल लिहीत बसू नका. लवकर कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही.

या इशाऱ्यात एकही दुवा नाही. खात्री करायची असेल तर कार्यालयाच्या दूरध्वनी यादीतला आमचा क्रमांक बघून फोन करा.

यातली वाक्यं विचार करून ठेवली आहेत. विषयाच्या ओळीतच 'खोटा आहे' आणि 'दाबू नका' हे दोन्ही आलं. त्यातला एक शब्द चुकला तरी दुसरा सावरून घेतो. २०१६ च्या त्या उत्तरात सगळा भार एकाच शब्दावर होता. दुसरं, मूळ मेल इथे पुढे ढकललेला नाही, त्याचं वर्णन केलं आहे. दाखवायचाच असेल तर चित्र लावावं, म्हणजे त्यातलं बटण दाबूनही काही उघडत नाही. तिसरं, इशारा पासवर्ड मागत नाही आणि कुठल्याही पानावर नेत नाही. खरा इशारा आणि सापळा यांच्यातला सर्वात भरवशाचा फरक हाच: सापळा तुम्हाला त्याने दिलेल्या वाटेने नेतो, खरा इशारा तुमच्या माहितीतल्या वाटेने जायला सांगतो.

'जोडपत्र म्हणून पाठवा' यालाही कारण आहे. प्रत्येक मेलच्या माथ्यावर न दिसणाऱ्या ओळी असतात. तो कुठल्या सर्व्हरवरून निघाला, कुठून कुठे गेला, पाठवणाऱ्याची तपासणी पास झाली की नाही, हे त्यांत नोंदलेलं असतं. नेहमीसारखा फॉरवर्ड केला की या ओळी गळून पडतात आणि कक्षाच्या हाती फक्त मजकूर लागतो. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांच्या यादीत Forward as attachment हा पर्याय आहे. काही कार्यालयांच्या मेलमध्ये Report असं बटणच असतं, ते असेल तर तेच वापरावं.

सर्वात महत्त्वाचा परिच्छेद मात्र पासवर्ड भरून बसलेल्यांसाठीचा आहे. बहुतेक इशारे त्यांच्याशी बोलतच नाहीत. मग तो माणूस गुपचूप पासवर्ड बदलतो आणि सुटलो असं समजतो. पण तेवढ्याने भागत नाही. चोर आत शिरला असेल तर त्याचं लॉगिन दुसऱ्या यंत्रावर चालूच राहू शकतं. पुष्कळदा तो खात्यात एक नियम लावून ठेवतो: 'बिल' किंवा 'पेमेंट' हे शब्द असलेला प्रत्येक मेल गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर जावा. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. म्हणून कक्षाला सगळी चालू लॉगिन तोडावी लागतात, फॉरवर्डिंगचे नियम तपासावे लागतात आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला होता ते विचारावं लागतं. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीमुळे धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण खोटं पान तो ओटीपीही विचारतं आणि त्याच क्षणी खऱ्या पानावर भरतं.

पहिला फोन लवकर आला की फायदा सगळ्यांना होतो. कक्ष तोच मेल इतरांच्या खात्यांत शोधून काढून टाकू शकतो, तो दुवा कार्यालयाच्या जाळ्यातून बंद करू शकतो आणि कोणी कोणी तो उघडला ते नोंदींवरून पाहू शकतो. रागावण्याच्या भीतीने कोणी तासभर गप्प बसलं, तर चोराला तेवढा तास मिळतो. म्हणून 'कारवाई होणार नाही' हे वाक्य लिहायचं, आणि साहेबांनी ते पाळायचंही.

बाहेर कळवायचं कोणाला, हेही ठरलेलं असावं. सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था संगणक सुरक्षेच्या घटना हाताळते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, ठरवून दिलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत संस्थेने incident@cert-in.org.in वर कळवायची असते, आणि त्या यादीत फिशिंगचा समावेश आहे. हे काम कक्षाचं आहे, प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाही. पण कोणाच्या खात्यातून पैसे गेले असतील तर त्याने स्वतः लगेच बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावं. cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवता येते. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते.

इशारा पाठवून कक्षाचं काम संपत नाही. विचारणा करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर मिळायला हवं, आणि ते दोन वाक्यांत: मेल खरा की खोटा, आणि आता काय करायचं. मेल खोटा असेल तर उत्तराखालचा मूळ मजकूर पुसूनच उत्तर पाठवावं. शंका असेल तर 'तपासतो आहोत, तोवर काही दाबू नका' असं स्पष्ट लिहावं. पोडेस्टांच्या मेलच्या बाबतीत कक्षाने फोन उचलून हेच सांगितलं असतं, तर टंकनातल्या चुकीला वावच राहिला नसता.

कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने आज एक गोष्ट करून पाहावी. आपल्या मदत कक्षाचा फोन क्रमांक मेल न उघडता, संगणक बंद असतानाही सापडतो का, ते बघावं. सापडत नसेल तर तो विचारून कागदावर लिहून टेबलाशी लावावा. खात्याचा ताबा दुसऱ्याकडे गेल्यावर तो क्रमांक मेलमध्ये शोधता येणार नाही.