५:१८ ला काय झालं?

यूट्यूबवर एखाद्याने प्रतिक्रियेत ५:१८ असे लिहिले, की त्या आकड्याचा दुवा होतो आणि त्यावर बोट ठेवले की व्हिडिओ पाचव्या मिनिटाच्या अठराव्या सेकंदावर जातो. प्रेक्षक हे सोयीसाठी लिहितात. मात्र असे आकडे एकत्र केले, की लोकांना व्हिडिओतले नेमके काय आवडले आणि ते कुठे अडखळले, हे कळू लागते.

पुरणपोळीचा १२ मिनिटांचा एक व्हिडिओ समजू. त्यावर ४०० प्रतिक्रिया आहेत आणि त्यांतल्या ४६ मध्ये वेळेसारखा आकडा आहे. आधी निवडटिपण करावे लागते. तिघांनी ‘सकाळी ६:३० ला पोळ्या केल्या’ असे लिहिलेले असते. ती घड्याळातली वेळ झाली. दोघांनी सगळ्या व्हिडिओची अनुक्रमणिका दिलेली असते. ती उपयोगी खरी, पण मोजणीत घेतली तर प्रत्येक टप्प्याला फुकटचे एक मत मिळते. उरतात ४१. एकाच माणसाने तोच क्षण चारदा लिहिला असेल, तर तो एकदाच धरायचा.

आता व्हिडिओचे १५-१५ सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकात किती आकडे पडतात ते पाहायचे. अगदी नेमक्या सेकंदाचा आग्रह धरला तर काहीच हाती लागत नाही, कारण एकच क्षण कोणी ५:१४ लिहितो, कोणी ५:२०. आपल्या उदाहरणात ५:१५ च्या तुकड्यात १३ आणि ९:४५ च्या तुकड्यात ११ आकडे पडतात. बाकीचे १७ विखुरलेले.

गर्दी कशाची, हे मात्र आकडा सांगत नाही. त्यासाठी वाक्ये वाचावी लागतात. ९:४५ ला पोळी तव्यावर टम्म फुगते आणि खाली ‘वा!’, ‘हे बघून भूक लागली’ असे लिहिलेले आहे. ५:१५ च्या १३ पैकी १० जणांनी प्रश्न विचारला आहे: कणीक इतकी सैल कशी झाली? ‘डोक्यावरून गेलं’ यातली तक्रार आणि ‘डोकं चालेना, काय पोळी आहे!’ यातले कौतुक शब्द मोजून वेगळे होत नाही.

इथे एक चकवा आहे. गोंधळ जिथे लिहिला जातो तिथे बहुधा तो सुरू झालेला नसतो. ५:१५ ला कणीक सैल दिसते, पण पाणी घालताना ४:५० ला कॅमेरा पुरणाच्या पातेल्यावर होता आणि मापही सांगितलेले नाही. म्हणून अशी जागा सापडली की अर्धे-एक मिनिट मागे जाऊन पाहावे. कौतुकाच्या बाबतीत ही गरज सहसा पडत नाही.

व्हिडिओ नंतर मधून कापला असेल, तर जुन्या प्रतिक्रियांतले आकडे तसेच राहतात आणि कापलेल्या जागेपुढचे सगळे क्षण सरकतात. शिवाय ज्यांना काहीच कळले नाही, ते न लिहिता निघून जातात. त्यांचा माग प्रतिक्रियांत नसतो. प्रेक्षक कुठे गळाले हे दाखवणारा आलेख चॅनेलच्या मालकाला दिसतो, तो शेजारी ठेवावा. ५:१५ नंतर तिथेही उतार दिसला, तर तेवढाच भाग पुन्हा चित्रित करण्याजोगा.