माहिती चौकट : तंबू आणि स्लीपिंग बॅग, लेबल वाचून घ्या

नळदुर्गचा नर-मादी धबधबा किंवा येडशीचा रामलिंग परिसर पावसात पाहायचा आणि रात्री जवळच परवानगीच्या जागी मुक्काम करायचा, तर हिमालयासाठीची जाड बॅग नको. बालाघाटच्या या पठारावर पावसाळी रात्री पारा साधारण २० अंशांच्या आसपास असतो. लेबलवर ‘कम्फर्ट’ १२ ते १५ अंश असलेली बॅग पुरते. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा पाहून बॅग घेऊ नका, ती झोपेची नव्हे, जीव वाचण्याची मर्यादा असते. भरण सिंथेटिकच घ्या. पिसांची बॅग भिजली की ऊब देत नाही.

तंबूचा जलरोधक आकडा मिलिमीटरमध्ये असतो. कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते, ते त्यातून कळते. छताला २,००० ठीक, पण तळाला ३,००० तरी हवेच, कारण ओल्या काळ्या मातीवर गुडघा टेकला की तिथला दाब पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त असतो. सकाळी आतून ओल दिसली तर नीट बघा. शिवणीच्या रेषेवर असेल तर गळती. छतभर बारीक थेंब असतील तर श्वासाची वाफ, तेव्हा झरोके उघडे ठेवा.

बांधल्यावर १५ सेंमी व्यासाची, ३० सेंमी लांबीची बॅग सुमारे सव्वापाच लिटर जागा घेते, ४५ सेंमी लांबीचा तंबू आठ. ४० लिटरच्या सॅकमध्ये दोन्ही बसतात. ओला तंबू मात्र वेगळ्या पिशवीत, बॅगेपासून दूर ठेवा.