पोचा न पडणारं विमान

हातखंब्याच्या तिठ्यावर दोन महामार्ग भेटतात. एक मुंबईहून गोव्याला जाणारा आणि दुसरा मिऱ्याच्या किनाऱ्यावरून निघून नागपूरला पोहोचणारा. वाहनांची गर्दी एवढी की डेंटिंगवाल्यांना इथे कामाची ददात नाही. मागे एका टेम्पोने उतारावर माझ्या गाडीला हलकाच धक्का दिला. मडगार्डला ठसठशीत पोचा पडला, पण बंपर आत दबून पुन्हा होता तसा झाला. मी मडगार्ड तेवढं सरळ करा म्हणालो, तर मिस्त्रींनी आधी बंपरच उतरवला. आतल्या क्लिपा तुटल्या होत्या आणि एका आधाराला चीर गेली होती. "पत्र्याला लागलं तर तो दाखवतो, साहेब," मिस्त्री म्हणाले, "फायबर दाखवत नाय. उघडून बघावं लागतं."

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नागपूरच्या मिहानमध्ये, बोइंग ७८७ विमानाच्या जमिनीखालच्या तुळया कार्बन फायबरपासून बनवल्या जातात. हे काम टाटा समूहाचं. या विमानाच्या सांगाड्यात वजनाने जवळजवळ निम्मा भाग कार्बन फायबरच्या कंपोझिटचा आहे आणि ॲल्युमिनियम फक्त पाचवा हिस्सा. आधीच्या पिढीतल्या बोइंग ७७७ मध्ये कंपोझिट होतं जेमतेम १२ टक्के. म्हणजे पत्र्याचं विमान जाऊन फायबरचं विमान आलं, आणि मिस्त्रींची अडचण आता विमान तपासणाऱ्या इंजिनिअरच्या वाट्याला आली.

वजन किती वाचतं?

कंपोझिट म्हणजे केसापेक्षा बारीक कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं राळेसारखं रेझिन. धाग्यांचे पातळ थर एकावर एक रचायचे आणि दाबाखाली, उष्णतेत भाजून घट्ट करायचे. एक थर साधारण मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा जाड असतो. मिरकरवाड्यातल्या फायबरच्या होड्यांचं तत्त्व हेच, फक्त तिथे धागे काचेचे असतात.

विमानातल्या ॲल्युमिनियमचा एक घनसेंटिमीटर तुकडा २.८ ग्रॅम भरतो, कार्बन कंपोझिटचा १.६ ग्रॅम. धाग्याच्या दिशेने ताणलं तर कंपोझिट ॲल्युमिनियमच्या दुप्पट ताठ असतं. पण आडव्या दिशेने ते अगदी दुबळं, कारण तिथे भार फक्त रेझिनवर येतो. विमानाच्या कवचावर सगळ्या बाजूंनी ओढाताण होते, म्हणून थर उभे, आडवे आणि तिरपे असे आलटून पालटून घालावे लागतात. असा सर्व बाजूंना सारखा केलेला तुकडा मात्र ॲल्युमिनियमपेक्षा थोडा कमीच ताठ निघतो. ॲल्युमिनियमचा ताठपणा ७० धरला तर याचा सुमारे ५५.

आता हिशेब करू. ॲल्युमिनियमच्या १०० किलोच्या पत्र्याइतकंच ताठ कवच हवं असेल तर कंपोझिटची जाडी सव्वापटीहून थोडी जास्त ठेवावी लागेल. तरीही माल हलका असल्याने वजन येईल ७३ किलोच्या आसपास. म्हणजे २७ किलो वाचले. शिवाय जिथे भार एकाच दिशेने येतो तिथे, उदाहरणार्थ तुळईच्या कडांवर, जास्त धागे त्याच दिशेला घालून आणखी वजन वाचवता येतं. पत्र्याच्या बाबतीत ही सोय नाही, तो सगळीकडे सारखाच.

दुसरा फायदा कोकणातल्या माणसाला सांगायला नको. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम झिजतं, कंपोझिट झिजत नाही. वारंवार ताण आल्याने धातूला जशा चिरा जातात तशा यालाही सहसा जात नाहीत. त्यामुळे ७८७ च्या केबिनमध्ये हवेचा दाब जास्त ठेवता येतो. जुन्या विमानांत प्रवाशाला जास्तीत जास्त सुमारे २४०० मीटर उंचीवर बसल्यासारखं वाटे, इथे ती उंची १८०० मीटर आहे.

धक्का लागल्यावर काय होतं?

पत्र्यावर हातोडी पडली की धातू वाकतो आणि वाकलेलाच राहतो. धक्क्याची ऊर्जा त्या वाकण्यात खर्च होते आणि पोचा ही त्या खर्चाची पावती असते. कंपोझिट असं वाकून राहत नाही. ते दबतं आणि उसळी मारून परत येतं. पण ऊर्जा कुठे तरी जायलाच हवी. ती रेझिन तडकवण्यात आणि थर एकमेकांपासून सोडवण्यात जाते.

ही इजा आतल्या बाजूला पसरत जाते. वरच्या थराला ठिपक्याएवढी खूण, तिच्याखाली थोडे थर सुटलेले, त्याहून खाली आणखी जास्त. शंकू उलटा न ठेवता सुलटा ठेवावा तशी: टोक बाहेर, पसरट बूड आत. बाहेरून दिसणारी खोली कधी अर्धा मिलिमीटरही नसते, आणि तीही काही दिवसांत आणखी उथळ होते.

मग बिघडतं काय? ताणलं तर फारसं नाही, कारण धागे बहुतेक शाबूत असतात. पण दाबलं तर बिघडतं. पत्त्यांचा जोड डिंकाने चिकटवून उभा दाबला तर तो टिकतो. डिंक सुटला की एकेक पत्ता सुटा वाकतो. तसंच इथे होतं. जेमतेम दिसणारी इजा दाब सोसण्याची ताकद निम्म्यावर आणू शकते.

म्हणून रचनाकार ही ताकद मुळात हिशेबातच धरत नाहीत. कार्बनचा धागा तुटण्याआधी सुमारे दीड टक्का ताणतो. पण विमानाच्या कवचात त्याला साधारण ०.४ टक्क्याच्या आसपासच ताणू देतात. मधला बराचसा फरक न दिसणाऱ्या इजेसाठी राखून ठेवलेला असतो. कंपोझिटच्या कागदावरच्या ताकदीतली मोठी रक्कम अशी बँकेत अडकून पडते, आणि ती जाडीच्या, म्हणजे वजनाच्या रूपात विमान जन्मभर वाहून नेतं.

दोन विमानं

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ आकाशात असताना त्याच्या पुढच्या भागाचं छप्पर सुमारे साडेपाच मीटर लांबीवर उडून गेलं. हे विमान १९ वर्षं खाऱ्या हवेत बेटांमध्ये छोट्या खेपा करत होतं. खेपा झाल्या होत्या जवळजवळ ९० हजार. पत्र्यांच्या जोडावरचा चिकटा सुटला होता, गंज शिरला होता आणि रिव्हेटांच्या भोकांपासून चिरा निघाल्या होत्या. विमान उतरलं, पण एका हवाई सेविकेचा जीव गेला. चौकशीत कळलं की विमानात चढताना एका प्रवासी बाईंनी दाराजवळ चीर पाहिली होती. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत.

दुसरं विमान एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए-३१०. ६ मार्च २००५ रोजी ते क्युबातल्या वारादेरोहून कॅनडाकडे निघालं होतं. ऐन उंचीवर मोठा आवाज झाला आणि विमान डोलू लागलं. वैमानिकांनी ते परत वारादेरोला उतरवलं. खाली आल्यावर पाहतात तर शेपटीचं सुकाणू जवळजवळ सगळं गायब. २७१ माणसं वाचली.

ते सुकाणू कार्बन फायबरच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारखा गाभा घालून केलेलं होतं. असा पापुद्रा गाभ्यापासून सुटला तरी बाहेरचा रंग तसाच चकचकीत राहतो. त्याच वर्षी एका मालवाहू एअरबसच्या सुकाणूला दुरुस्तीच्या वेळी धक्का लागला आणि म्हणून ते नीट तपासलं गेलं. आतल्या बाजूचा पापुद्रा मोठ्या भागात सुटलेला निघाला. तिथे हायड्रॉलिक तेल शिरलं होतं. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे आत अडकलेली हवा पापुद्र्याला बाहेर ढकलते आणि सुटलेला भाग खेपेगणिक वाढू शकतो. अलोहाची चीर डोळ्यांना दिसली होती. या मालवाहू विमानाचं सुकाणू मात्र समोर उभं राहून निरखलं असतं तरी काही दिसलं नसतं.

फणस वाजवून पाहावा तसं

सुटलेला थर शोधायची पहिली रीत आपल्या ओळखीची आहे. फणस किंवा मडकं वाजवून पाहतो, तसं विमान तपासणारा छोट्या हातोडीने किंवा नाण्याने पृष्ठभागावर टकटक करत जातो. धड जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द. पण ही रीत पातळ पापुद्र्यापुरतीच चालते. त्या मालवाहू विमानात बाहेरून वाजवून काहीच कळलं नसतं, कारण इजा गाभ्याच्या पलीकडे होती. जाड कवचातल्या खोल थरांचाही आवाजावरून पत्ता लागत नाही.

तिथे अल्ट्रासाउंड लागतं. पृष्ठभागावर जेलसारखा पदार्थ लावून त्यावर प्रोब टेकवतात. लहरी आत जातात आणि मागच्या कडेवरून प्रतिध्वनी येतो. प्रतिध्वनी वेळेआधीच आला तर मधे कुठे तरी थर सुटलाय, आणि किती आधी आला यावरून खोली कळते. प्रोब चौफेर फिरवला की इजेचा नकाशा तयार होतो. अडचण एवढीच, की आख्खं विमान असं रोज तपासणं शक्य नसतं. कुठे पाहायचं हे आधी कळायला हवं. पोचा हेच तर सांगत असे.

म्हणून नियमच या अज्ञानावर बेतले आहेत. जी इजा नजरेतून सुटू शकते, ती असतानाही विमानाने आयुष्यभर कमाल भाराच्या दीडपट भार सोसला पाहिजे. जी ठरलेल्या तपासणीत सापडेल, ती सापडेपर्यंत निदान कमाल भार तरी सोसला पाहिजे. पण एक प्रकार असा आहे की त्यापुढे रचनाकारही हात टेकतो. सामानाची गाडी किंवा शिडीची गाडी विमानाला धडकते, तो. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अशा धडकांच्या चाचण्या झाल्या. गाडीच्या रबरी बंपरने कवच सावकाश दाबलं गेलं, परत आलं, बाहेर खूण जवळजवळ नाही, आणि आतल्या बरगड्या मोडलेल्या. माझ्या गाडीच्या बंपरची गोष्टच, फक्त मोठी. अशा धडकेवर एकच तपासणी कामाची: ज्याच्या हातून ती झाली त्याने लगेच सांगणं. त्यासाठी सांगणाऱ्याला शिक्षेची भीती वाटता कामा नये.

हे काम प्रवाशालाही करता येतं. विमानतळावर खिडकीतून एखादी गाडी विमानाला टेकलेली दिसली तर, खूण दिसत नाही म्हणून गप्प बसू नका. दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सांगा. १९८८ साली ज्या बाई बोलल्या नाहीत, त्यांना निदान चीर तरी दिसली होती. आताच्या विमानात कदाचित तीही दिसणार नाही.