डेटा सायन्ससाठी लॅपटॉप घेताय? ग्राफिक्स कार्डाआधी रॅम बघा

बेळगाव : डेटा सायन्सच्या कोर्सला मुलगा किंवा मुलगी निघाली की घरात लॅपटॉपचा विषय निघतोच. दुकानात पहिल्यांदा ग्राफिक्स कार्ड दाखवलं जातं आणि बजेटचा मोठा हिस्सा तिथेच जातो. काम मात्र बहुतेक वेळा अडतं ते रॅमवर.

पायथनमधलं पांडाज हे साधन पूर्ण फाइल रॅममध्ये उचलून घेतं. समजा, वीजबिलांच्या १ कोटी नोंदी आहेत. त्यात आकड्यांचे १२ रकाने आहेत. एक आकडा साधारण ८ बाइट घेतो, म्हणजे आकड्यांचेच जवळपास १ जीबी झाले. शिवाय ग्राहक क्रमांक, पावती क्रमांक असे मजकुराचे ४ रकाने आहेत. साधी पायथन स्ट्रिंग म्हणून ठेवलेला प्रत्येक वेगळा मजकूर ६० बाइटच्या आसपास जागा खातो. त्याचे आणखी अडीच जीबी. एकूण साडेतीन.

गोष्ट इथेच थांबत नाही. दोन तक्ते जोडताना किंवा क्रमवारी लावताना नवी प्रत तयार होते, आणि तेवढ्या वेळेपुरती गरज सात-दहा जीबीवर जाते. विंडोज आणि ब्राउझरचे चार-पाच जीबी वेगळेच. म्हणूनच पांडाजचे जनक वेस मॅकिनी यांचा ठोकताळा असा, की डेटाच्या पाच ते दहा पट रॅम हवी. या हिशेबात ८ जीबीचा लॅपटॉप बसतच नाही, १६ जीबीत ओढाताण होते, ३२ जीबीत काम निवांत चालतं.

आपला डेटा किती जागा खातो, ते या ओळीने बाइटमध्ये कळतं :

```
df.memory_usage(deep=True).sum()
```

हातात जुना लॅपटॉप असेल तर काम चालू असताना Task Manager उघडावा. Memory ९५ टक्क्यांवर, डिस्क सतत व्यस्त आणि CPU मात्र निवांत दिसला, तर रॅम अपुरी पडतेय. रॅम मोकळी आणि CPU १०० टक्के असेल, तर प्रोसेसर कमी पडतोय.

मग ग्राफिक्स कार्ड कुणाला लागतं? फोटो, आवाज किंवा भाषेची मॉडेल्स वरचेवर शिकवणाऱ्यांना. तक्त्यांवरची नेहमीची कामं सायकिट-लर्न प्रोसेसरवरच करतं. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी मॉडेल शिकवायचं असेल, तर गूगल कोलॅब किंवा कॅगलवर ठरावीक मर्यादेत जीपीयू फुकट मिळतो. फक्त इंटरनेट चांगलं हवं. ग्राहकांची खासगी माहिती मात्र तिथे परवानगीशिवाय चढवू नये.

पैसे देण्याआधी दुकानदाराला एक गोष्ट नक्की विचारा: रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, की स्लॉट आहे? पातळ लॅपटॉपमध्ये ती बरेचदा सोल्डर केलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. स्लॉट असेल, तर आज १६ जीबीवर भागवून पुढच्या वर्षी ३२ करता येतात. नसेल, तर ३२ जीबी आत्ताच घ्यावी आणि ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचवावा.