कापूस की सूत? : प्रश्नाचीच परीक्षा

शिष्यवृत्ती परीक्षेचे सराव पेपर भिवंडीतल्या शाळांमध्येही सोडवून घेतले जातात. ते तपासून झाले की मुलांना गुण मिळतात आणि उत्तरपत्रिका गठ्ठ्यात जातात. त्या गठ्ठ्यात प्रश्नांचाही निकाल दडलेला असतो, तो मात्र सहसा कोणी लावत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पेपरात प्रश्न आहे : ‘कापड विणण्यासाठी यंत्रमागाला कोणता कच्चा माल लागतो?’ पर्याय चार : कापूस, सूत, लोकर, रेशीमकोष. उत्तरसूचीत ‘कापूस’ आहे. परीक्षेला शंभर मुले बसली. एकूण गुणांनुसार उत्तरपत्रिका लावून वरच्या २७ आणि खालच्या २७ बाजूला काढायच्या. २७ टक्क्यांचा हा संकेत ट्रुमन केली यांच्या १९३९ मधल्या संशोधनातून रूढ झाला.

वरच्या गटात ८ मुलांनी कापूस, १७ जणांनी सूत आणि २ जणांनी लोकर निवडले. खालच्या गटात हेच आकडे १५, ७ आणि ५ आले. रेशीमकोष कोणीच निवडला नाही.

काठिण्य निर्देशांक म्हणजे दोन्ही गटांतील बरोबर उत्तरांचे प्रमाण : ५४ पैकी २३, म्हणजे ०.४३. हा आकडा जितका मोठा, तितका प्रश्न सोपा. ०.४३ पाहून प्रश्न मध्यम आणि ठीक वाटतो. भेदन निर्देशांक काढताना वरच्या गटातील बरोबर उत्तरांतून खालच्या गटातली वजा करून २७ ने भागायचे : (८ − १५) ÷ २७, म्हणजे उणे ०.२६. ज्यांचा बाकी पेपर चांगला गेला, तीच मुले इथे जास्त चुकली!

उणे चिन्ह दिसले की आधी उत्तरसूची तपासावी. कापसाचे सूत गिरणीत होते. मागावर चढते ते सूत. भिवंडीतल्या मुलाने सुताचे बीम डोळ्यांनी पाहिलेले असते. ‘सूत’ हे उत्तर धरले, तर भेदन निर्देशांक ०.३७ होतो. रॉबर्ट एबल यांच्या प्रचलित निकषांनुसार ०.३० च्या पुढचा प्रश्न चांगला आणि ०.४० च्या पुढचा उत्तम. उत्तरसूची बदलल्यावर मुलांचे गुण आणि दोन्ही गट पुन्हा लावून आकडे पक्के करावेत. रेशीमकोषाच्या जागी फसवा वाटेल असा पर्याय द्यावा.

आकडे दोष कुठे आहे ते दाखवतात, कारण सांगत नाहीत. त्यासाठी मुलांनाच विचारावे लागते. चाळीसच्या वर्गात एका गटात अकराच मुले येतात आणि एका मुलाच्या उत्तराने निर्देशांक ०.०९ ने हलतो, म्हणून काही वर्गांचे निकाल एकत्र करावेत. मराठी आणि उर्दू माध्यमांचे आकडे मात्र वेगळेही पाहावेत, म्हणजे भाषांतरातला दोष सापडतो.

शिक्षकांनी पुढचा सराव पेपर तपासून झाल्यावर निदान उणे भेदनाचे प्रश्न तरी शोधावेत. अशा प्रश्नात गेलेला गुण मुलाला परत मिळालाच पाहिजे.