लीड की लॅग: एका अँटेनाचे गणित

लीड आणि लॅग कॉम्पेन्सेटर दिसायला जुळे असतात. दोघांतही एक शून्य आणि एक पोल. लीडमध्ये शून्य आधी येते, लॅगमध्ये पोल. पण एवढ्या फरकाने कंट्रोल लूपचा स्वभाव पालटतो.

उपग्रहाचा माग काढणारी अँटेना घ्या. तिची मोटर आणि ॲम्प्लिफायर मिळून 10/(s(s+1)) असे धरू. खालच्या कक्षेतला उपग्रह डोक्यावरून जाताना सेकंदाला साधारण 1 अंश सरकतो. गेन 10 असल्याने अँटेना त्याच्या 0.1 अंश मागे राहते, आणि तेवढे चालते. अडचण वेगळीच आहे. लूपचा गेन जिथे 1 होतो त्या 3.1 रेडियन प्रति सेकंदाला फेज मार्जिन जेमतेम 18 अंश उरते, त्यामुळे अँटेना बराच वेळ डोलत राहते. गेन बाराव्या हिश्श्यावर आणला तर डोलणे थांबते, पण मागे राहणे कायमचे सव्वा अंशाच्या आसपास जाते.

लीडचे शून्य 2.2 वर आणि पोल 8.8 वर ठेवला, की मधल्या पट्ट्यात तो 37 अंश फेज भर घालतो. क्रॉसओव्हर 4.4 वर सरकतो. तिथे मोटरची स्वतःची फेज आणखी घसरलेली असते, तरी मार्जिन सुमारे 50 अंश मिळते. बँडविड्थ वाढल्याने अँटेना दोन सेकंदांच्या आत मार्गावर येते. मंद फ्रिक्वेन्सीचा गेन तोच असल्याने 0.1 अंशाची त्रुटी मात्र तशीच राहते. किंमत दुसरीकडे मोजावी लागते: वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट चौपट होतो, आणि सेन्सर खरखरीत असेल तर मोटर नुसतीच गुरगुरते.

लॅग फेज देत नाही, उलट थोडी खातोच. शून्य 0.07 वर आणि पोल 0.006 वर ठेवला की वरचा गेन सुमारे बारापट घटतो आणि क्रॉसओव्हर 0.7 वर उतरतो. तिथे मोटरची फेज मुळातच बरी असते, म्हणून लॅगने पाचेक अंश खाल्ले तरी 50 अंशांचे मार्जिन हाती लागते. मंद फ्रिक्वेन्सीचा गेन 10 च राहतो, म्हणून शेवटची त्रुटीही 0.1 अंश.

पण ती ‘शेवटची’ कधी येते, हे पाठ्यपुस्तकी तक्त्यात सहसा दिसत नाही. लॅगच्या शून्याजवळ बंद लूपचा एक सुस्त पोल अडकून बसतो. त्याचा टाइम कॉन्स्टंट 13 सेकंदांचा. त्रुटी आधी अंशभर वाढते आणि अर्ध्या मिनिटानंतरही 0.2 अंश शिल्लक असते. काही मिनिटांतच क्षितिजाआड जाणाऱ्या उपग्रहासाठी ही शेपटी परवडत नाही. इथे लीडच हवा. लक्ष्य संथ, सेन्सर गोंगाटी आणि मोटर लहान असेल, तर मात्र लॅगच शहाणपणाचा. वेगही हवा आणि आणखी कमी त्रुटीही, तर दोघांना एकामागे एक जोडतात. तेव्हा लॅगचे शून्य क्रॉसओव्हरच्या दहापट खाली ठेवावे लागते, नाहीतर लीडने कमावलेली फेज तो परत खातो.